दोन पत्ते, दोन माणसं आणि मधलं न बोललेलं

टॅरोच्या डेकमध्ये 78 पत्ते असतात. नवरा-बायको किंवा प्रेमातल्या दोघांबद्दल प्रश्न असला, की अनेक रीडर पत्ते पिसण्याआधीच त्यातले दोन चेहरा वर करून टेबलावर ठेवतात. एक तिचा, एक त्याचा. हे दोन पत्ते चिठ्ठीसारखे निघत नाहीत, ते विचारपूर्वक निवडले जातात. त्यांना सिग्निफिकेटर म्हणतात, म्हणजे त्या माणसाच्या जागी ठेवलेला पत्ता. पुढची सगळी मांडणी या दोघांभोवती होते आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: समोरच्याच्या मनात काय आहे, जे तो बोलत नाही?

ही पद्धत जुनी आहे. फ्रान्समधल्या एतेयानं 1770 साली पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचं पुस्तक काढलं. साध्या 32 पत्त्यांत त्यानं एक जादा पत्ता घातला होता, तो प्रश्न विचारणाऱ्याचा. आज आपल्याकडे सर्वाधिक दिसणारा डेक मात्र 1909 साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची.

वेट यांनी सिग्निफिकेटर निवडण्याचे नियमही लिहून ठेवले. चाळिशी गाठलेल्या पुरुषाला नाइट, त्याहून लहान असलेल्याला किंग; चाळिशीपुढच्या बाईला क्वीन, तरुणीला पेज. मग केसांचा, डोळ्यांचा आणि कातडीचा रंग बघायचा. सोनेरी किंवा तांबूस केस आणि निळे डोळे असतील तर वाँड्स, फिकट तपकिरी केस असतील तर कप्स, गडद तपकिरी केसांना स्वोर्ड्स आणि काळे केस, काळे डोळे, सावळा वर्ण असेल तर पेंटॅकल्स. हा नियम तंतोतंत पाळला, तर कोल्हापूरपासून नागपूरपर्यंतची जवळजवळ सगळी जोडपी पेंटॅकल्समध्येच जमा होतील! इंग्लंडमधल्या माणसांसाठी केलेला नियम इथे निरुपयोगी आहे. माणसाचा स्वभाव ठाऊक असेल तर त्यावरून पत्ता घ्यावा, ही सवलत वेट यांनीच देऊन ठेवली होती आणि आजचे बहुतेक रीडर तेच करतात. बोलणं तोडून टाकणारी, विचारानं चालणारी व्यक्ती स्वोर्ड्समध्ये बघतात, भावनेनं चालणारी कप्समध्ये, घर-पैसा-काम सांभाळणारी पेंटॅकल्समध्ये, उत्साहानं धावणारी वाँड्समध्ये.

खरी गंमत इथूनच सुरू होते, कारण स्वभाव कुणी ठरवायचा?

समजा, लग्नाला बारा वर्षं झालेलं एक जोडपं आहे. बायको म्हणते, "हे हल्ली काही बोलतच नाहीत." रीडर तिच्यापुढे राजे, राण्या, नाइट आणि पेज असे सोळा पत्ते पसरतो. ती स्वतःसाठी क्वीन ऑफ स्वोर्ड्स उचलते, "मी स्पष्ट बोलते" म्हणून. नवऱ्यासाठी किंग ऑफ पेंटॅकल्स: घराचे हप्ते, मुलांच्या फिया, सगळं वेळेवर करणारा माणूस. नंतर नवऱ्यालाही वेगळं बसवून विचारलं, तर तो स्वतःसाठी नाइट ऑफ कप्स निवडतो. त्या चित्रातला स्वार पांढऱ्या घोड्यावरून संथपणे, हातातला पेला पुढे धरून चालला आहे.

अजून एकही पत्ता पिसलेला नाही आणि तरी एक न बोललेली गोष्ट टेबलावर आली. तिला तो घर चालवणारा वाटतो; त्याला स्वतःची ओळख काहीतरी द्यायला निघालेला माणूस अशी वाटते. सगळ्या मांडणीत यापेक्षा भरवशाची माहिती क्वचितच मिळते, कारण ही निवड दोघांनी स्वतःच्या मनानं केलेली असते. म्हणून दोघांचेही पत्ते एकट्यानं निवडणं ही या पद्धतीतली सगळ्यात मोठी चूक म्हणावी लागेल.

आता दोघांनी स्वतःसाठी निवडलेले पत्ते शेजारी ठेवायचे. राणीचं तोंड आपल्या उजवीकडे, स्वाराचा घोडाही उजवीकडेच. ती डावीकडे आणि तो उजवीकडे असेल तर तो तिला पाठ दाखवून चाललेला दिसतो. जागा बदलल्या तर तो तिच्याकडे येतो, पण ती दुसरीकडे बघते. नवखे रीडर यावरून लगेच दुरावा सांगतात. पण तोंडाची दिशा स्मिथबाईंनी 1909 साली काढून ठेवली आहे आणि जागा रीडरनं हातानं ठरवली आहे. त्यात या जोडप्याचं काहीच नाही. लेनोर्मां पत्त्यांत गोष्ट वेगळी असते: तिथे 28 नंबरचा पुरुष आणि 29 नंबरची स्त्री बाकीच्या पत्त्यांसोबत पिसून छत्तीसच्या मांडणीत कुठेही पडतात, म्हणून त्यांच्यातलं अंतर आणि तोंडाची दिशा वाचण्याची रीत आहे.

दोन पत्ते बाजूला काढल्यावर डेकमध्ये 76 उरतात. पिसून पाच घ्यायचे: प्रत्येकाखाली दोन, वरचा म्हणजे बाहेर दिसतं ते, खालचा म्हणजे बोललं जात नाही ते, आणि मधोमध एक, दोघांमध्ये आडवं आलेलं. आपल्या उदाहरणात तिच्या बाजूला एट ऑफ पेंटॅकल्स आला, कामात मान घालून बसलेला कारागीर. खाली फाइव्ह ऑफ कप्स, सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघत उभी असलेली काळ्या झग्यातली आकृती, जिच्या पाठीमागे दोन पेले अजून उभेच आहेत. त्याच्या बाजूला फोर ऑफ कप्स आणि खाली सिक्स ऑफ कप्स, जुन्या आठवणींचा आणि निरागस मायेचा पत्ता. मध्ये टू ऑफ स्वोर्ड्स, डोळ्यांवर पट्टी बांधून दोन तलवारी छातीवर आडव्या धरलेली बाई.

फोर ऑफ कप्सपाशी थांबायला हवं. झाडाखाली हाताची घडी घालून एक तरुण बसला आहे आणि ढगातून आलेला हात त्याच्यापुढे पेला धरतो आहे. बायको म्हणेल, "बघा, मी देते ते त्यांना दिसतच नाही." नवरा म्हणेल, "मी थकलोय, एवढंच." चित्र तेच, पत्ता तोच. वेट यांनी या पत्त्याला कंटाळा आणि वीट असा अर्थ दिला आहे; तो कंटाळा बायकोचा की नोकरीचा, हे पत्ता सांगू शकत नाही.

इथे पद्धतीची मर्यादा स्पष्ट होते. पत्त्यांना दुसऱ्याच्या मनातलं कळतं, याला शास्त्रीय पुरावा नाही. उलट, मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 साली 39 विद्यार्थ्यांना एकच मजकूर 'तुमचं व्यक्तिचित्र' म्हणून दिला, तेव्हा अचूकतेला सरासरी 5 पैकी 4.26 गुण मिळाले. 'त्याच्या मनात जुन्या आठवणी आहेत' हे वाक्य बारा वर्षांच्या कुठल्या संसाराला लागू पडणार नाही? जोडीदार समोर नसताना काढलेला त्याचा पत्ता विचारणाऱ्याचा अंदाज दाखवतो, जोडीदाराचं मन नाही. आणि मनासारखा पत्ता येईपर्यंत पुन्हा पुन्हा पिसणं सुरू झालं, की तो अंदाजही हातचा जातो.

म्हणून ही मांडणी करायचीच असेल तर दोघांनी मिळून करावी. प्रत्येकानं स्वतःचा आणि दुसऱ्याचा पत्ता वेगवेगळा निवडावा, खालच्या पत्त्याचा अर्थ न बोलता कागदावर लिहावा आणि मग कागद अदलाबदल करावेत. जोडीदाराला न सांगता त्याच्या मनाचा निकाल पत्त्यांवरून लावणाऱ्या रीडरला पैसे देऊ नयेत.