प्रतिध्वनीचे दोन घटक : I आणि Q

मानेतील कॅरोटिड धमनीची कलर डॉप्लर तपासणी करताना प्रोबमधून अल्ट्रासाउंडचे अगदी छोटे स्पंद शरीरात सोडले जातात. ऊतींच्या थरांवरून आणि रक्तातील तांबड्या पेशींवरून त्यांचे प्रतिध्वनी परत येतात. सोडलेला ध्वनी ५ मेगाहर्ट्झचा असेल आणि स्पंद छोटा असेल, तर परतलेल्या सिग्नलची सगळी ऊर्जा साधारण ४ ते ६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात सापडते. त्याच्या खाली आणि वर कामाचे काही नसते. वारंवारतेच्या अशा मधल्याच एका पट्ट्यात सामावलेल्या सिग्नलला बँडपास सिग्नल म्हणतात.

यंत्रात शिरताच हा सिग्नल आकड्यांत बदलला जातो. सेकंदाला २ कोटी नमुने, म्हणजे २० मेगाहर्ट्झ हा नमुने घेण्याचा दर धरला, तर दोन नमुन्यांमधले अंतर ५० नॅनोसेकंद होते. ध्वनी शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, त्यामुळे ४ सेंटिमीटर खोलीवरून परतायला त्याला सुमारे ५२ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या काळात एका स्पंदामागे हजाराहून थोडे अधिक नमुने जमतात.

या नमुन्यांतून यंत्राला प्रत्येक खोलीबद्दल दोन गोष्टी हव्या असतात. तिथून आलेला प्रतिध्वनी किती जोरदार आहे, म्हणजे त्याचा आयाम किती, ही पहिली. तरंग त्या क्षणी आपल्या आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, म्हणजे त्याची फेज किती, ही दुसरी. आयामावरून पडद्यावरचे करडे चित्र तयार होते आणि फेजच्या बदलावरून रक्ताचा वेग कळतो. पण एकटा नमुना यांपैकी काहीच सांगत नाही. नमुन्याचे मूल्य शून्य आले, तर तिथे प्रतिध्वनीच नव्हता असेही असू शकते, किंवा मोठा तरंग नेमका शून्यरेषा ओलांडताना पकडला गेला असेही. आयाम आणि फेज वेगळे काढण्यासाठी एका आकड्याच्या जागी दोन आकडे लागतात. ते मिळवण्याच्या पद्धतीला क्वाड्रेचर डीमॉड्युलेशन म्हणतात.

पद्धतीची पहिली पायरी गुणाकाराची आहे; तिला मिक्सिंग म्हणतात. यंत्र ५ मेगाहर्ट्झचे दोन संदर्भतरंग आकड्यांच्या रूपात तयार करते. एक कोसाइन असतो. दुसरा सिग्नल फेजमध्ये त्याच्यापासून पाव आवर्तन, म्हणजे ९० अंश दूर असतो. तो उणे चिन्हाचा साइन घेतला जातो. आलेल्या प्रत्येक नमुन्याला दोन्हींनी वेगवेगळे गुणले जाते. त्रिकोणमितीच्या नियमाप्रमाणे दोन तरंगांचा गुणाकार केला की एक भाग त्यांच्या वारंवारतांच्या फरकाचा आणि दुसरा बेरजेचा मिळतो:

```
A·cos(ωn+φ) · cos(ωn)    = (A/2)·cos(φ) + (A/2)·cos(2ωn+φ)
A·cos(ωn+φ) · (−sin(ωn)) = (A/2)·sin(φ) − (A/2)·sin(2ωn+φ)
```

इथे A म्हणजे आयाम आणि φ म्हणजे फेज. दोन्ही ओळींतला पहिला भाग शून्य वारंवारतेजवळ येऊन बसतो आणि हवी असलेली माहिती त्याच्यातच असते. दुसरा भाग १० मेगाहर्ट्झला जातो. तो नको असतो, म्हणून दुसऱ्या पायरीला दोन्ही गुणाकार एकसारख्या लो-पास फिल्टरमधून काढले जातात. हा फिल्टर मंद बदल पुढे जाऊ देतो आणि जलद बदल अडवतो. पहिल्या ओळीतून उरतो तो इन-फेज घटक I, आणि दुसरीतून उरतो तो क्वाड्रेचर घटक Q.

प्रत्यक्ष आकडे घेतले की ही क्रिया स्पष्ट होते. नमुन्यांचा दर संदर्भतरंगाच्या नेमका चौपट आहे, त्यामुळे एका आवर्तनात चारच नमुने बसतात. कोसाइनची मूल्ये १, ०, −१, ० अशी येतात आणि उणे साइनची ०, −१, ०, १ अशी. प्रतिध्वनीचा आयाम १० आणि फेज ३० अंश असेल, तर त्याचे चार नमुने ८.६६, −५, −८.६६ आणि ५ हे असतील. कोसाइनशी गुणाकार केल्यावर ८.६६, ०, ८.६६, ० मिळतात आणि त्यांची सरासरी ४.३३ येते. उणे साइनशी गुणाकार केल्यावर ०, ५, ०, ५ मिळतात आणि सरासरी २.५ येते. इथे सरासरी काढणे हाच सर्वांत साधा लो-पास फिल्टर झाला. सूत्रातल्या निम्म्याची भरपाई म्हणून दोन्ही आकडे दुप्पट केले की I = ८.६६ आणि Q = ५ मिळतात. दोघांच्या वर्गांची बेरीज १०० होते. तिचे वर्गमूळ १० हा आयाम, आणि Q भागिले I या गुणोत्तरावरून निघणारा ३० अंशाचा कोन ही फेज. I आडव्या अक्षावर आणि Q उभ्या अक्षावर मांडले, तर ही जोडी घड्याळाच्या काट्यासारखी दिसते. काट्याची लांबी म्हणजे आयाम आणि त्याची दिशा म्हणजे फेज.

चौपट दराचा फायदा असा की गुणाकार करावाच लागत नाही. चिन्ह बदलले किंवा शून्य लिहिले की काम भागते. मात्र इथे एक चूक सहज होऊ शकते. I साठी एकाआड एक नमुने वापरले जातात आणि Q साठी मधले, म्हणजे दोन्ही एकाच क्षणाचे नसतात. शेजारचे दोन नमुने फिल्टरशिवाय थेट I आणि Q मानले, तर ५ मेगाहर्ट्झला ५० नॅनोसेकंदांत बरोबर ९० अंश होतात; पण पट्ट्याच्या वरच्या टोकाला, ६ मेगाहर्ट्झला, तेवढ्याच वेळात १०८ अंश होतात. ही १८ अंशांची चूक योग्य फिल्टरनेच सुधारते, कारण तो शेजारच्या अनेक नमुन्यांतून एकाच क्षणाची I आणि Q मूल्ये काढतो.

म्हणूनच फिल्टरची निवड हा या पद्धतीतला नाजूक भाग आहे. मूळ पट्टा ४ ते ६ मेगाहर्ट्झचा होता. मिक्सिंगनंतर तो −१ ते +१ मेगाहर्ट्झ असा शून्याच्या दोन्ही बाजूंना येतो. फिल्टरने एवढे अखंड ठेवायचे आणि बाकीचे दाबायचे. तो फार अरुंद ठेवला, तर स्पंद लांबतो आणि बारकावे पुसले जातात. २ मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्याने खोलीच्या दिशेने सुमारे ०.४ मिलिमीटरवरचे दोन थर वेगळे दिसू शकतात. फिल्टरने पट्टा अर्ध्या मेगाहर्ट्झवर आणला, तर ही मर्यादा दीड मिलिमीटरच्या पुढे जाते आणि धमनीच्या भिंतीतले बारीक थर एकमेकांत मिसळतात. उलट फिल्टर फार सैल असेल, तर १० मेगाहर्ट्झचा अवशेष आयामावर लहरींसारखा चढतो आणि निरुपयोगी गोंगाटही आत येतो.

फिल्टरनंतर सेकंदाला २ कोटी नमुने ठेवण्याची गरज उरत नाही. दर पाचव्या क्षणाची I-Q जोडी ठेवली, तर दर ४ मेगाहर्ट्झ होतो आणि २ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला तो पुरेसा असतो. एका स्पंदामागचे हजार नमुने दोनशेच्या आसपास जोड्यांवर येतात. पण क्रम पाळावा लागतो : आधी फिल्टर, मग गाळणी. नमुने आकड्यांत बदलणाऱ्या सर्किटमध्ये थोडा स्थिर दोष असतो, म्हणजे सिग्नल नसतानाही तिथे शून्याऐवजी छोटा आकडा येतो. मिक्सिंगमध्ये हा दोष शून्यावरून −५ मेगाहर्ट्झला सरकतो. फिल्टरने तो काढला नाही आणि दर ४ मेगाहर्ट्झवर आणला, तर तो दुमडून −१ मेगाहर्ट्झला, म्हणजे थेट कामाच्या पट्ट्याच्या काठावर उगवतो. तिथून त्याला वेगळे काढता येत नाही.

आयामापुरते पाहिले तर दुसऱ्या मार्गांनीही काम भागले असते. Q ची खरी गरज रक्ताच्या दिशेसाठी असते. यंत्र एकाच रेषेवर लागोपाठ अनेक स्पंद सोडते आणि ठरावीक खोलीवरची I-Q जोडी प्रत्येक स्पंदानंतर तपासते. समजा, सेकंदाला ५००० स्पंद सोडले जातात आणि रक्त प्रोबच्या रेषेत सेकंदाला २५ सेंटिमीटर वेगाने जवळ येत आहे. प्रत्येक स्पंदाला प्रतिध्वनी थोडा लवकर परततो आणि काटा दर वेळी सुमारे ११७ अंश पुढे फिरतो. रक्त तेवढ्याच वेगाने दूर जात असेल, तर काटा ११७ अंश उलट फिरतो. सुरुवात शून्य फेजपासून झाली, तर दोन्ही स्थितींत I चा आकडा आयामाच्या सुमारे −०.४५ पट, म्हणजे सारखाच येतो. फरक फक्त Q च्या चिन्हात दिसतो. नुसत्या कोसाइनने मिक्सिंग केले असते, तर वेग कळला असता, दिशा नाही. १९८५ मध्ये चिहिरो कासाई आणि सहकाऱ्यांनी लागोपाठच्या I-Q जोड्यांमधला सरासरी कोन झटपट काढण्याची पद्धत मांडली, आणि हलत्या चित्रावर रक्तप्रवाह रंगांत दाखवणे शक्य झाले. नेहमीच्या मांडणीत जवळ येणारे रक्त लाल आणि दूर जाणारे निळे दाखवतात.

फेजवरच सगळे अवलंबून असल्याने मर्यादाही तिथूनच येते. दोन स्पंदांमध्ये काटा १८० अंशांहून जास्त फिरला, तर तो कोणत्या बाजूने फिरला हे ओळखता येत नाही. वरच्या उदाहरणात ही हद्द सेकंदाला ३८.५ सेंटिमीटर आहे. रक्ताचा प्रोबच्या रेषेतला वेग ५० सेंटिमीटर असेल, तर २३४ अंशांची फिरकी −१२६ अंश अशी वाचली जाते आणि धमनीच्या मध्यभागी, जिथे प्रवाह सर्वांत वेगवान असतो, तिथे उलट रंगाचा डाग दिसतो. स्पंदांचा दर वाढवला की हद्द वाढते, पण पुढचा स्पंद सोडण्याआधी खोलवरचा प्रतिध्वनी परत यायला हवा. ५००० च्या दराला सुमारे १५ सेंटिमीटरपर्यंतच पाहता येते.

डीमॉड्युलेशनमधल्याच चुका मात्र वेगळ्या खुणा सोडतात. साइनचे चिन्ह उलटे धरले, तर करडे चित्र अगदी निर्दोष राहते, कारण वर्ग केल्यावर चिन्ह नाहीसे होते. फक्त सगळे प्रवाह उलट दिशेचे दिसतात. I आणि Q यांची वाढ कमीजास्त झाली किंवा त्यांच्यात नेमके ९० अंश राहिले नाहीत, तर स्थिर आयामाच्या चाचणी सिग्नलचा काटा वर्तुळाऐवजी लंबवर्तुळ काढतो, आणि एका दिशेच्या प्रवाहाचे फिकट प्रतिबिंब दुसऱ्या दिशेला उमटते. २ अंशांच्या चुकीने हे प्रतिबिंब मूळ सिग्नलपेक्षा सुमारे ३५ डेसिबल खाली असते. दोन्ही गुणाकार वेगवेगळ्या अॅनालॉग सर्किटांत होत, तेव्हा हा दोष टाळणे अवघड होते. आधी नमुने घेऊन मग आकड्यांवर गुणाकार केला की दोन्ही मार्ग तंतोतंत सारखे राहतात, आणि दोषाचे हे कारणच संपते.

एक अडचण मात्र आकड्यांनीही आपोआप सुटत नाही. मऊ ऊती उच्च वारंवारता अधिक शोषतात : दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे अदमासे अर्धा डेसिबल. ४ सेंटिमीटर खोलीवरून जाऊन-येऊन ८ सेंटिमीटरचा प्रवास झाल्यावर ६ मेगाहर्ट्झचा भाग ४ मेगाहर्ट्झच्या भागापेक्षा सुमारे ८ डेसिबलने अधिक क्षीण होतो. त्यामुळे पट्ट्याचे मध्य ५ मेगाहर्ट्झच्या खाली घसरते, मिक्सिंगनंतर सिग्नल शून्यावर न बसता एका बाजूला झुकतो आणि त्याचा काही भाग फिल्टरच्या काठाबाहेर जातो. यावर उपाय म्हणून संदर्भतरंगाची वारंवारता खोलीनुसार हळूहळू कमी करत नेतात. उथळ नमुन्यांना ५ मेगाहर्ट्झने आणि खोल नमुन्यांना त्याहून कमी वारंवारतेने गुणले जाते. लागोपाठच्या स्पंदांमध्ये त्याच खोलीला तोच संदर्भतरंग वापरला, तर दोन जोड्यांमधला कोन या बदलाने बिघडत नाही.