वैयक्तिक कारणास्तव

तालुक्याच्या गावातल्या एका सहकारी बँकेत मी शाखाधिकारी होतो. तिथे माझ्या टेबलावर आलेल्या जवळजवळ प्रत्येक राजीनाम्यात ‘काही वैयक्तिक व अपरिहार्य कारणास्तव’ हे शब्द होते. कोणाचं लग्न ठरलेलं असे, कोणी जिल्हा परिषदेत लागलेलं असे, कोणाची आई अंथरुणाला खिळलेली असे. कारण सगळ्या शाखेला ठाऊक असायचं, पत्रात मात्र ते नसायचं. माझ्या निवृत्तीनंतर शेजारची एक मुलगी तिचा राजीनामा दाखवायला घेऊन आली. तीही एका छोट्या बँकेत सात वर्षं लिपिक होती. तिने लिहिलं होतं :

‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविते की, काही वैयक्तिक व अपरिहार्य कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. आपल्या बँकेत मला खूप काही शिकावयास मिळाले. त्याबद्दल मी आपली सदैव ऋणी राहीन. तरी माझा राजीनामा तात्काळ मंजूर करावा, ही नम्र विनंती.’

पत्र वाचून झालं तरी ती कधी जाणार, का जाणार, हे मला कळलं नव्हतं. मी तिला विचारलं, “खूप काही म्हणजे काय शिकलीस?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “काका, दुसऱ्याच महिन्यात माझी रोकड पाचशेनं कमी आली होती. मला रडू फुटलं. साहेब रात्री साडेआठपर्यंत माझ्यासोबत बसले आणि एकेक व्हाउचर परत बघितलं. सापडली चूक.” मी म्हटलं, “हेच लिही की.”

‘तात्काळ’ हा शब्द मी आधी खोडायला लावला. नियुक्तिपत्रात नोटिशीची मुदत लिहिलेली असते. तिच्या पत्रात ती एक महिन्याची होती. मुदत पाळली नाही तर तेवढ्या दिवसांचा पगार कापला जाऊ शकतो. शिवाय जिला एक महिना थांबायचंच आहे, तिने ‘तात्काळ’ म्हणणं खरंही नाही. नमुन्यातून उतरवलेल्या पत्रात असे न तपासलेले शब्द तसेच राहून जातात. आम्ही दोघांनी बसून जे पत्र तयार केलं, ते असं :

‘मा. शाखाधिकारी यांस,

विषय : लिपिक पदाचा राजीनामा.

महोदय,

मी आपल्या शाखेत गेली सात वर्षे लिपिक आहे. या पदाचा मी राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील एक महिन्याच्या मुदतीप्रमाणे ३ जुलै हा माझ्या कामाचा शेवटचा दिवस असेल.

काचबिंदूमुळे वडिलांची नजर अधू झाली आहे. खते-बियाण्यांचे दुकान त्यांना आता एकट्याने चालवता येत नाही, आणि ते बंद करावे असे आम्हाला वाटत नाही. म्हणून मी गावी परत जात आहे.

माझ्या दुसऱ्या महिन्यात रोकड पाचशे रुपयांनी कमी आली, तेव्हा आपण रात्री साडेआठपर्यंत बसून माझ्याबरोबर व्हाउचर तपासलीत. त्या दिवसापासून मी दिवसअखेरीला घाबरले नाही.

निराधार अनुदान जमा झाले की येणारे बरेच आजी-आजोबा पैसे काढायची स्लिप माझ्याकडून भरून घेतात. कोणाला ऐकू कमी येते, कोणाचा अंगठा मशीनवर उमटत नाही, हे मी माझ्या जागी येणाऱ्या सहकाऱ्याला समक्ष दाखवून देईन.

सोनेतारणाची पाकिटे, कोऱ्या ठेवपावत्या व चेकबुकांचा साठा यांचा चार्ज देण्यासाठी शेवटच्या आठवड्यातले दोन दिवस ठरवून द्यावेत. माझ्या कर्मचारी कर्जाची बाकी कळवावी. राजीनामा मंजूर झाल्याचे पत्र, कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवाचा दाखला व ग्रॅच्युइटीचा हिशेब मिळावा, ही विनंती.

आपली विश्वासू’

‘सदैव ऋणी’ गेलं आणि रात्रीचे साडेआठ आले. साहेबांना ती रात्र आठवत असणार. आभाराचं वाक्य खरं आहे की नाही, हे ओळखायची माझी एक साधी रीत आहे. तेच वाक्य दुसऱ्या कोणी दुसऱ्या बँकेला लिहिलं असतं तरी चाललं असतं का, हे बघायचं. चाललं असतं, तर ते काढून टाकावं. आणि आठवण्यासारखं काही घडलंच नसेल, तर आभार मानूच नयेत. मुदत, कारण आणि चार्ज एवढ्यावर पत्र थांबलं तरी ते प्रामाणिकच असतं.

चार्जची ओळ कोरडी वाटेल, पण बँकेत मनापासून काम केल्याची खूण तिथेच दिसते. सोनेतारणाचं प्रत्येक सीलबंद पाकीट रजिस्टरशी ताडून बघावं लागतं. कोऱ्या पावत्यांचे नंबर क्रमाने जुळावे लागतात. मधला एक नंबर गायब असला, तर जाणाऱ्यालाच पुन्हा बोलावलं जातं. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. आपल्याकडची किल्ली ज्याला दिली, त्याची तारखेसह सही रजिस्टरात घ्यावी. शेवटच्या दिवशी आपला युजर आयडी बंद करून घ्यावा. तो चालू राहिला आणि त्यावरून कोणी नोंद केली, तर नाव आपलं लागतं.

कर्जाची ओळही तिने आधी टाळली होती, संकोचाने. कर्मचारी म्हणून मिळालेला सवलतीचा व्याजदर नोकरी सोडल्यावर बहुतेक ठिकाणी राहत नाही. तो हिशेब जाण्याआधीच समोर आलेला बरा. ग्रॅच्युइटीचंही तसंच. सलग पाच वर्षं नोकरी झालेल्या कायम कर्मचाऱ्याचा तो हक्क आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये असतील, तर २६ ने भागून १५ ने गुणायचं. एका वर्षाचे १५,००० होतात, सात वर्षांचे १,०५,०००. आपल्या हक्काचं नम्रपणे मागितलं म्हणून पत्राचा जिव्हाळा उणा होत नाही.

तिची एक तक्रारही होती, बढतीबद्दलची, आणि ती खरी होती. ती या पत्रात घालू नकोस, असं मी सांगितलं. राजीनामा सेवापुस्तिकेला लागतो आणि वर्षानुवर्षं फाइलमध्ये राहतो. तिथे तक्रारीला उत्तर मिळत नाही. ती वेगळ्या अर्जात, तारखा आणि पुराव्यांसह लिहावी. ‘बढती न मिळाल्यास हा राजीनामा समजावा’ असं तर कधीच लिहू नये. अटीवर दिलेला राजीनामा मंजूर करायचा की नाही, याचाच घोळ होऊन बसतो.

राष्ट्रीयीकृत बँकेत १ एप्रिल २०१० पूर्वी लागून जुन्या पेन्शन योजनेत असलेल्यांनी ‘राजीनामा’ हा शब्द लिहिण्याआधीच थांबावं. १९९५ च्या पेन्शन नियमांप्रमाणे राजीनामा दिला की मागची सेवा पेन्शनसाठी धरली जात नाही. युको बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये राजीनामा आणि निवृत्ती यांतला हा फरक मान्य केला. वीस वर्षं सेवा झाली असेल, तर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज वेगळा असतो.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक शाखाधिकाऱ्यांच्या हातात द्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या, आणि ती प्रत घरी नीट जपून ठेवा.