एका चलाची किंमत किती?

रिग्रेशन शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाताखालून गेलेला एक छोटा तक्ता आहे. ‘मोटर ट्रेंड’ या अमेरिकन मासिकाच्या १९७४ च्या अंकातून घेतलेली ३२ मोटारगाड्यांची माहिती त्यात आहे. आर हे सॉफ्टवेअर संगणकावर घातलं की हा तक्ता `mtcars` या नावाने आयताच मिळतो. प्रत्येक गाडीचं मायलेज आणि त्यासोबत वजन, अश्वशक्ती, इंजिनाचं आकारमान, पाव मैल कापायला लागणारे सेकंद, गिअर हाताने टाकायचे की आपोआप पडतात, अशा एकूण दहा गोष्टी त्यात नोंदलेल्या आहेत. मायलेजचा अंदाज बांधायला यांतल्या किती गोष्टी घ्यायच्या?

दहाही घेतल्या तर आर-स्क्वेअर ०.८६९ येतो, म्हणजे मायलेजमधल्या चढउताराचा सुमारे ८७ टक्के भाग मॉडेलने पकडला. हा आकडा सर्वांत मोठा असणारच. नवं चल घातल्यावर आर-स्क्वेअर कधीच खाली येत नाही. गाडीच्या नंबरप्लेटवरचा शेवटचा अंक घातला तरी तो तसूभर वरच सरकेल. म्हणून प्रत्येक नव्या चलामागे काहीतरी किंमत वसूल करावी लागते. अॅडजस्टेड आर-स्क्वेअर, एआयसी आणि बीआयसी तिन्ही हेच करतात. फरक आहे तो किमतीत, आणि माझ्या मते निवडीचा सगळा प्रश्न तिथेच सुटतो.

मी तीन मॉडेलं समोर ठेवतो. पहिल्यात वजन, पाव मैलाचा वेळ आणि गिअरचा प्रकार अशी तीन चलं. दुसऱ्यात त्यांच्या जोडीला अश्वशक्ती. तिसऱ्यात आणखी इंजिनाचं आकारमान, म्हणजे एकूण पाच. पहिल्या मॉडेलसाठी आज्ञा अशा द्यायच्या:

```r
m3 <- lm(mpg ~ wt + qsec + am, data = mtcars)
summary(m3)$adj.r.squared
AIC(m3); BIC(m3)
```

अॅडजस्टेड आर-स्क्वेअर अनुक्रमे ०.८३३६, ०.८३६८ आणि ०.८३७५ येतो. इथे जितका मोठा तितका चांगला, तेव्हा कौल पाच चलांना. एआयसी येतो १५४.१२, १५४.३३ आणि १५४.९७. इथे लहान आकडा चांगला, म्हणून कौल तीन चलांना, पण अगदी निसटता. बीआयसी येतो १६१.४५, १६३.१२ आणि १६५.२३. कौल तोच, पण ठाम.

हे मतभेद कुठून आले ते टी या आकड्याने कळतं. एखाद्या चलाचा गुणांक त्याच्या प्रमाण त्रुटीच्या किती पट आहे हे टी सांगतो. टीची किंमत, चिन्ह सोडून, १ पेक्षा जास्त असली की नव्या चलामुळे अॅडजस्टेड आर-स्क्वेअर वाढतोच. हा नियम गणिताने तंतोतंत सिद्ध आहे. एआयसीला पटवायला टी साधारण १.३ ते १.४ च्या वर लागतो. बीआयसीची अट तक्त्यातल्या ओळींच्या संख्येवर अवलंबून असते: ३२ गाड्यांसाठी ती १.८ च्या आसपास आहे, हजार गाड्या असत्या तर २.६ झाली असती. आता आपल्या चलांचे टी पाहा. इंजिनाचं आकारमान १.०६, अश्वशक्ती १.२५, गिअरचा प्रकार २.०८. पहिली दोन चलं अॅडजस्टेड आर-स्क्वेअरच्या दारातून आत येतात आणि एआयसीच्या दाराशी अडतात. गिअरचा प्रकार तिन्ही दारं ओलांडतो.

मायलेजशी काडीचाही संबंध नसलेलं चल घातलं तरी केवळ योगायोगाने त्याचा टी १ च्या वर जाण्याची शक्यता तीनांत एक असते. एआयसीची अट ते पाच-सहांत एकदा ओलांडतं, बीआयसीची ३२ ओळींवर दहा-पंधरांत एकदा आणि हजार ओळींवर शंभरात जेमतेम एकदा. म्हणूनच मॉडेल निवडायला अॅडजस्टेड आर-स्क्वेअर वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. निवडलेलं मॉडेल किती चढउतार पकडतं हे वाचकाला सांगायला तो छान आहे, पण दाखल्याची चाळण म्हणून त्याची भोकं फार मोठी आहेत.

उरलेल्या दोघांचे हेतूच वेगळे. जपानी संख्याशास्त्रज्ञ हिरोत्सुगु अकाइके यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एआयसी मांडला तो अंदाजासाठी: हेच मॉडेल उद्याच्या नव्या गाड्यांवर वापरलं तर सर्वांत कमी चुकणारं कोणतं? गिडियन श्वार्त्स यांच्या १९७८ च्या बीआयसीचा प्रश्न निराळा आहे: समोरच्या मॉडेलांत खरं मॉडेल असेलच, तर ते कोणतं? ओळी वाढत जातात तसा बीआयसी त्या खऱ्या मॉडेलवर स्थिरावतो. एआयसी मात्र अधूनमधून एखादं फालतू चल आत घेतच राहतो, कारण अंदाजाला त्याचा फारसा जाच होत नाही. मायलेज वर्तवायचं असेल तर एआयसी धरा. मायलेज कशाकशाने ठरतं हे शोधायचं असेल तर बीआयसी.

ओळी कमी असल्या की एआयसीही उदार होतो. त्यासाठी एआयसीसी ही दुरुस्ती आहे, आणि दर गुणांकामागे चाळीसपेक्षा कमी ओळी असतील तर ती वापरावी असा प्रघात आहे. आपल्याकडे सगळ्या मिळून ३२ ओळी! दुरुस्तीनंतर आकडे १५६.४, १५७.७ आणि १५९.६ होतात, आणि मघाचा निसटता कौल बराच स्पष्ट होतो.

घोटाळे बहुधा गणितात होत नाहीत, तुलनेत होतात. आरमध्ये `step()` चालवलं की तीन चलांच्या याच मॉडेलचा एआयसी ६१.३१ दिसतो आणि `AIC()` लिहिलं की १५४.१२. चूक कुठलीच नाही; `step()` एक स्थिर संख्या गाळतं, एवढंच. पण एक आकडा इथला आणि दुसरा तिथला घेऊन तुलना केली तर निकाल निरर्थक. दुसरा सापळा रिकाम्या रकान्यांचा. एखाद्या चलाच्या चार नोंदी नसतील तर सॉफ्टवेअर त्या चार ओळी गुपचूप वगळतं, आणि एक मॉडेल ३२ ओळींवर तर दुसरं २८ ओळींवर बसतं. `nobs()` ने ओळी मोजून घ्याव्यात. तिसरा सापळा मायलेजऐवजी मायलेजचा लॉगॅरिदम घेण्याचा. त्याचा एआयसी एकदम शून्याखाली जातो आणि नवखा माणूस हरखतो. पण मोजमापाची पट्टीच बदललेली असते, तेव्हा ते दोन आकडे शेजारी मांडता येत नाहीत.

तिघांपैकी कोणीही न सांगणारी एक गोष्ट मात्र आलेखात दिसते. जिंकलेल्या तीन चलांच्या मॉडेलने फियाट १२८ आणि टोयोटा कोरोला या हलक्या गाड्यांचं मायलेज चार मैलांहून अधिक कमी वर्तवलं, आणि तक्त्यातल्या सर्वांत जड गाड्यांपैकी एक असलेल्या क्रायस्लर इम्पीरियलचंही तसंच. वजनाच्या दोन्ही टोकांना चूक एकाच दिशेला जात असेल, तर वजन आणि मायलेज यांचं नातं सरळ रेषेचं नसून वाकलेलं असावं अशी शंका घ्यायला हवी. माझ्या तीन उमेदवारांत वाकलेली रेषा नव्हतीच, मग ती निवडली कशी जाणार? आता मी `I(wt^2)` घालून चौथा उमेदवार उभा करतो. मायलेजची पट्टी तीच राहते, ओळीही त्याच ३२, तेव्हा त्याचा एआयसीसी आधीच्या तिघांशेजारी बिनधास्त मांडता येतो.