जानेवारीत कापलेला पगार

जानेवारीचा पगार खात्यात आला, तो एकवीस-बावीस हजारांनी कमी. नाशिकच्या एखाद्या कारखान्यातल्या कर्मचाऱ्याचं उदाहरण घेऊ. आर्थिक वर्ष 2024-25, वार्षिक पगार दहा लाख. एप्रिलमध्ये त्याने जुनी करप्रणाली निवडली आणि घरकर्जाचं दोन लाख व्याज, नव्वद हजार मुद्दल आणि पंचवीस हजारांचा आरोग्यविमा असं सगळं जाहीर केलं. पीएफचे साठ हजार कंपनीकडे नोंदलेले होतेच. त्यावरून वर्षाचा कर 28,080 रुपये निघाला आणि दरमहा 2,340 कापले जाऊ लागले.

पुरावे द्यायची मुदत मात्र हुकली. पुराव्याविना लेखा विभागाला जाहीर केलेली वजावट धरता येत नाही. मग कर 93,600 वर गेला. डिसेंबरपर्यंत 21,060 कापले होते, उरलेले 72,540 तीन महिन्यांत वसूल करायचे, म्हणून जानेवारीत 24,180 गेले.

आता पत्र लिहायचं. त्यात दिलगिरी एका ओळीत पुरते. खरा मजकूर असा हवा: ‘मुदतीत पुरावे देता आले नाहीत. सोबत फॉर्म 12BB, बँकेचं व्याज व मुद्दल वेगळं दाखवणारं प्रमाणपत्र आणि विम्याच्या हप्त्याची पावती जोडली आहे. फेब्रुवारी व मार्चच्या पगारातील करकपात त्यानुसार सुधारावी, ही विनंती.’ त्या वर्षी लागू असलेल्या 12BB मध्ये कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव, पत्ता आणि पॅन लागत असे. तो रकाना रिकामा राहिला, तर कागद परत येऊ शकतो. आरोग्यविम्याचा हप्ता रोखीने भरला असेल, तर वजावट मिळत नाही. पावतीवर भरण्याची पद्धत आधीच पाहावी.

अशी विनंती म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे. त्या वर्षी लागू असलेल्या 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम 192(3) मालकाला त्याच वर्षात आधी जास्त किंवा कमी कापलेला कर पुढच्या कपातीत जुळवून घ्यायची मुभा देत होतं. मुभा होती, सक्ती नव्हती. म्हणून पत्र फेब्रुवारीचं पगारपत्रक बंद होण्याआधी पोचणं महत्त्वाचं.

पण मर्यादाही तिथेच आहे. आपल्या कर्मचाऱ्याचे जानेवारीअखेर 45,240 कापले गेले. खरा कर 28,080. फेब्रुवारी-मार्चची कपात शून्य झाली, तरी 17,160 जास्तच राहतात. जानेवारीची कपात 7 फेब्रुवारीपर्यंत सरकारजमा करायची असते, त्यामुळे कंपनी ते पैसे हातात परत देत नाही. ते विवरणपत्र भरून परतावा म्हणूनच मिळतात.

आणि इथे एक धोका आहे, जो पुष्कळांना माहीत नसतो. पगारदाराला जुनी प्रणाली हवी असेल, तर विवरणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत भरावं लागतं. उशीर झाला, तर नवी प्रणाली लागू होते आणि याच कर्मचाऱ्याचा कर 44,200 होतो. मग परताव्यात 17,160 ऐवजी जेमतेम 1,040 रुपये उरतात.