तिकीट ‘झालं’ म्हणण्याआधी

सॉफ्टवेअर कंपनीच्या चॅटवर दिवसभर एकच प्रश्न फिरत असतो: “अरे, त्या २१४ चं काय झालं?” २१४ म्हणजे एखादी तक्रार किंवा काम. त्याची नोंद जिरासारख्या प्रणालीत असते आणि त्या नोंदीला सगळे तिकीट म्हणतात. उत्तर द्यायचं तर ब्राउझर उघडा, लॉगिन करा, तिकीट शोधा, मग परत चॅटवर येऊन सांगा. यावर तोडगा म्हणून स्लॅकमध्येच तिरकी रेघ देऊन कमांड लिहायची सोय करतात. आपण अशी एक कमांड घेऊ.

```
/ticket PAY-214
/ticket PAY-214 done
```

पहिली ओळ नुसतं विचारते, दुसरी तिकिटाची स्थिती बदलते. दिसायला दोघींत एका शब्दाचा फरक, पण पहिली चुकली तर कुणाचं काही बिघडत नाही. दुसरी चुकली तर न सुटलेली तक्रार सुटली म्हणून नोंदली जाते आणि ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातच राहतात.

एंटर दाबल्यावर स्लॅक आपल्या सर्व्हरकडे एक विनंती पाठवतं. कुणी विचारलं, कुठल्या चॅनेलमधून आणि पुढे काय लिहिलं, एवढं तिच्यात असतं. सर्व्हरने ३ सेकंदांत काहीतरी उत्तर द्यावं लागतं. जिराला तेवढ्यात जमलं नाही तर पडद्यावर `operation_timeout` येतं आणि माणूस साहजिकच तीच ओळ पुन्हा टाइप करतो. मागचं काम मात्र कदाचित चालूच असतं, म्हणजे आता तोच बदल दोनदा निघाला. म्हणून ‘पाहतोय’ एवढं लगेच सांगून मोकळं व्हायचं, खरं काम मागे रांगेत टाकायचं आणि उत्तर नंतर `response_url` या पत्त्यावर धाडायचं. हा पत्ता ३० मिनिटं चालतो आणि तेवढ्यात ५ वेळा वापरता येतो. एका कमांडीला एवढं पुरेसं आहे.

विनंती खरंच स्लॅककडून आली का, हेही पाहावं लागतं, कारण सर्व्हरचा पत्ता इंटरनेटवर उघडा असतो. स्लॅक प्रत्येक विनंतीवर `X-Slack-Signature` ही सही करतं. आपण वेळ आणि मजकूर घेऊन, आपल्याकडच्या गुप्त किल्लीने तीच सही काढायची आणि ताडून पाहायची. ५ मिनिटांपेक्षा जुनी विनंती सरळ नाकारायची, म्हणजे कुणी जुनी विनंती पकडून ठेवून पुन्हा पाठवू शकत नाही. इथे नवशिके हमखास अडतात. सही आलेल्या मूळ मजकुरावर काढायची असते. फ्रेमवर्कने तो उलगडून पुन्हा जोडला की एखादं चिन्ह बदलतं आणि खरी विनंतीही खोटी ठरते. मग वैतागून कुणीतरी तपासणीच बंद करून टाकतो.

आता मुख्य अडचण: हा बदल कुणाच्या नावाने करायचा? सोपा मार्ग म्हणजे जिरामध्ये बॉटचं एक खातं काढायचं, त्याला सगळे अधिकार द्यायचे आणि प्रत्येक बदल त्याच्याकडून करवून घ्यायचा. बहुतेक ठिकाणी हेच करतात आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. ज्याला जिरामध्ये PAY प्रकल्प दिसतही नाही, तोही मग चॅटमधून त्यातलं तिकीट बंद करू शकतो. शिवाय इतिहासात सगळीकडे बॉटचंच नाव. सहा महिन्यांनी कुणी बंद केलं हे विचारायला जावं तर माणूस सापडत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने पहिल्या वेळी स्वतःचं जिरा खातं एकदा जोडून द्यावं आणि पुढचा प्रत्येक बदल त्याच्याच परवानगीने जावा. ही जोडणी `user_id` वर बांधायची, दिसणाऱ्या नावावर नाही. नाव कुणीही बदलू शकतं.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. समजा, टेस्टरने PAY-214 ची स्थिती विचारली आणि उत्तर आलं ‘In Review’. तिने चाचणी पूर्ण केली आणि `done` लिहिलं. पण मधल्या वेळात डेव्हलपरला आपलीच एक चूक दिसली आणि त्याने तिकीट परत ‘In Progress’ ला नेलं. टेस्टरचा आदेश प्रामाणिक आहे, फक्त तो शिळ्या माहितीवर बेतलेला आहे.

जिरामध्ये स्थिती थेट लिहिता येत नाही. एका स्थितीतून दुसरीत नेणारी वाट निवडावी लागते. तिला ट्रान्झिशन म्हणतात. एका प्रकल्पात ३१ क्रमांकाची वाट ‘Done’ ला जात असेल, पण दुसऱ्या प्रकल्पात तोच क्रमांक भलतीकडे नेईल. त्यामुळे क्रमांक कोडमध्ये कोरून ठेवायचा नाही. दर वेळी जिरालाच विचारायचं, की या माणसाला या क्षणी कुठल्या वाटा उघड्या आहेत, आणि ‘Done’ ला पोचणारी निवडायची. अशा दोन वाटा निघाल्या तर निवड कमांडने करू नये, माणसाला विचारावं.

मग बदल करण्यापूर्वी टेस्टरला एकटीलाच दिसेल असा एक संदेश दाखवायचा: तिकिटाचं शीर्षक, ‘In Review → Done’ आणि एक बटण. बटणाच्या पोटात तिने पाहिलेली स्थिती जपून ठेवायची. बटण दाबल्यावर तिकीट पुन्हा वाचायचं. स्थिती वेगळी निघाली तर थांबायचं आणि स्पष्ट सांगायचं: “तुम्ही पाहिलं तेव्हा In Review होतं, आता In Progress आहे.” काही जण स्थितीऐवजी तिकीट शेवटचं कधी बदललं ती वेळ ताडतात. मला ते पटत नाही. कुणी साधी कमेंट टाकली तरी वेळ बदलते, कमांड अडते आणि लोक वैतागून ती वापरणं सोडतात.

एवढं करूनही वाचणं आणि बदलणं यांत एक क्षण उरतोच. तो मिटवणं जिराच्या हातात आहे. ‘Done’ ची वाट फक्त ‘In Review’ मधूनच निघेल अशी मांडणी असेल, तर उशिरा पोचलेला बदल जिरा स्वतः नाकारतो. ती वाट सगळ्याच स्थितींतून मोकळी ठेवली असेल तर धोका राहतो. म्हणून कमांड लिहिण्याआधी जिरा सांभाळणाऱ्याशी बोलून घ्यावं.

जिराकडून उत्तरच आलं नाही, तर ‘बदल झाला नाही’ असं कधीही लिहू नये. बदल झालाही असेल. तिकीट पुन्हा वाचून जे दिसेल तेच सांगावं. बटण दोनदा दाबलं जाईल हेही धरून चालावं: प्रत्येक बटणाला एक वेगळा क्रमांक द्यायचा, तो डेटाबेसमध्ये एकदाच नोंदता येईल असं करायचं, म्हणजे दुसरा क्लिक आपोआप निकामी होतो.

एक गंमत सांगतो. तिकिटाचं शीर्षक बरेचदा ग्राहकाने फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं. त्यात कुणी `<!channel>` लिहिलं आणि बॉटने ते तसंच चॅनेलमध्ये टाकलं, तर सगळ्यांचे फोन एकदम वाजू शकतात. बाहेरून आलेल्या मजकुरातली `&`, `<` आणि `>` ही तीन चिन्हं आधी निष्प्रभ करावी लागतात.

तुमच्या टीमसाठी अशी कमांड करणार असाल, तर आधी फक्त वाचणारी द्या. सगळ्यांची खाती जोडून झाली, की एकाच प्रकल्पात एकच बदल उघडा, तोही सहज मागे घेता येण्यासारखा. आणि पैशांशी संबंधित तिकीट ‘Done’ करण्याची सोय चॅटमध्ये देऊच नका. त्यासाठी माणसाने जिरा उघडावं.