आकाश कोणाचे, जमीन कोणाची?

बँकेत आम्हा मंडळींना एक सवय जडलेली असते. कोणी म्हणाले, ‘साहेबांनी हो म्हटलंय,’ की आम्ही विचारतो, ‘कोणत्या साहेबांनी?’ कर्जाला मंजुरी देणारा अधिकारी वेगळा आणि तिजोरीची किल्ली सांभाळणारा वेगळा. एकाने होकार दिला म्हणून दुसरा किल्ली फिरवत नाही. सहलीला कॅमेऱ्याचे सामान घेऊन निघताना हाच प्रश्न विचारावा, असे मला अलीकडे फार वाटू लागले आहे.

निमित्त झाले न्यू जर्सीतल्या भाच्याच्या फोनचे. सहकुटुंब भारतात यायचे, मुंबईला उतरायचे, वेरूळ-अजिंठा करायचे आणि मग मुलांना रायगड, राजगड दाखवायचे, असा त्याचा बेत. सोबत कॅमेरा, तिपाई म्हणजे ट्रायपॉड आणि एक चिमुकला ड्रोन. ‘मामा, २४९ ग्रॅमचा आहे. इथे हौसेखातर उडवायला नोंदणीसुद्धा लागत नाही,’ तो म्हणाला. तिथल्यापुरते ते खरेच होते. मी त्याला दोन दिवस थांबायला सांगितले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिला साहेब विमानतळावरचा, म्हणजे कस्टमचा. परदेशी बनावटीचे तयार ड्रोन भारतात आणण्यावर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्यांनाच सवलत, तीही परवानगीने. वजनाचा तिथे संबंध नाही. खेळण्याएवढा ड्रोन असला तरी तो सामानात असल्याचे जाहीर करावे लागते. हिरव्या मार्गाने गुपचूप निघून जाणे म्हणजे जप्ती आणि दंड ओढवून घेणे. खरे सांगितले तर कस्टमचा अधिकारी वस्तू ताब्यात ठेवून पावती देऊ शकतो आणि परत जाताना ती मिळू शकते, अशी तरतूद कायद्यात आहे. पण रात्रभराच्या प्रवासाने पेंगुळलेली मुले घेऊन त्या टेबलापाशी उभे राहायचे ते कशासाठी? ड्रोन तिकडेच ठेवावा, हे मी कागदावर पहिल्या ओळीत लिहिले.

ज्यांचा ड्रोन इथलाच, रीतसर घेतलेला आहे, त्यांची गाठ दुसऱ्या साहेबाशी, म्हणजे आकाशाच्या मालकाशी पडते. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला उडवणाऱ्याचा परवाना लागत नाही. दोन किलोपर्यंतचा ड्रोन धंद्यासाठी नसेल तर त्यालाही लागत नाही. दुकानदार एवढेच सांगतो. पण ही सवलत माणसाच्या परवान्यापुरती आहे, जागेची नाही. कुठे उडवायचे ते सरकारी हवाई नकाशा ठरवतो. त्यात तांबडा, पिवळा आणि हिरवा असे तीन रंग. तांबड्यात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून उड्डाण नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी हवी. हिरव्यात साधारण १२० मीटर उंचीपर्यंत मुभा. मात्र विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात तीही ६० मीटरवर येते. शिवाय पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक दिवसांपुरती ड्रोनबंदी जाहीर करतात. मुंबईत असे हुकूम वरचेवर निघतात. म्हणून नकाशा आठवड्यापूर्वी पाहिला असला तरी निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावा आणि स्थानिक पोलीस ठाण्यात विचारावे.

नकाशा हिरवा दिसला की माणूस खूश होतो. इथेच तिसरा साहेब विसरला जातो, तो म्हणजे खालच्या जमिनीचा मालक. हिरवा रंग एवढेच सांगतो, की विमानांना तुमची अडचण नाही. खालच्या वास्तूचा राखणदार काय म्हणतो, हे त्यात येत नाही. आपल्या गडांचेच पाहा. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांतला रायगड केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, तर राजगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. नावांत एका अक्षराचा फरक, पण अर्ज वेगळ्या कचेरीत. रायगडासाठी सर्वेक्षणाचे मुंबई मंडळ, वेरूळ-अजिंठ्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे. चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज नुसता पडून राहतो आणि सुट्टी संपून जाते. गडाच्या पायथ्याशी लावलेल्या फलकावर तो कोणाच्या ताब्यात आहे ते लिहिलेले असते; पण फलक वाचेपर्यंत फार उशीर झालेला असतो. तेव्हा ही चौकशी घरूनच करावी.

आता तिपाई. सर्वेक्षणाच्या वास्तूंत हातात धरून फोटो काढायला सहसा हरकत नसते; तिपाईवर कॅमेरा चढला की पूर्वपरवानगी लागते. बारीक वाटेत तिपाईचे तीन पाय पसरले की मागची रांग अडते, आणि पहारेकऱ्याच्या लेखी तो हौशी पाहुणा न राहता चित्रीकरणवाला होतो. परवानगी काढायचीच असेल तर लेखी काढावी. त्यात ठिकाण, तारीख, वेळ, माणसे, सामान आणि हेतू यांचा स्वच्छ उल्लेख हवा. ‘फोनवर बोलणं झालंय’ याला दारावर काही किंमत नाही. फोनवर बोललेले साहेब त्या दिवशी रजेवर असतात, हा माझ्या नोकरीतला अनुभव. आणखी एक, अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. अर्जात तारीख घालताना हे ध्यानात असू द्यावे.

देशांतर्गत विमानप्रवासात तिपाई मोठ्या बॅगेत घालून द्यावी. केबिनमध्ये नेऊ द्यायची की नाही, हे तपासणीच्या टेबलावरचा माणूस ठरवतो, आणि त्या क्षणी वाद घालून विमान थांबत नाही. बॅटऱ्यांचे मात्र अगदी उलटे. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाहीत. त्या हातातल्याच पिशवीत हव्यात, टोकांना चिकटपट्टी लावून. सामानाच्या कप्प्यात बॅटरी पेटली तर कोणाच्या ध्यानात येणार? मर्यादा १०० वॉट-अवरची. तिच्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीला विचारावे लागते. हिशेब सोपा आहे. बॅटरीवर ७.४ व्होल्ट आणि २४०० मिलिअँपिअर-अवर छापले असेल, तर २४०० ला हजाराने भागून २.४, त्याला ७.४ ने गुणले की पावणेअठराच्या आसपास. म्हणजे निश्चिंत. पॉवर बँक २७,००० ची असेल तर ३.७ व्होल्टने ९९.९, अगदी काठावर. छापील आकडे पुसट झालेली बॅटरी घरीच ठेवावी. आणि पुण्याहून उडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. तिथे खिडकीतून फोटो काढायचे नाहीत.

एवढे सगळे कळवल्यावर भाचा थोडा हिरमुसला. ‘मग कैलास वरून कसा दिसणार?’ त्याने विचारले. त्याचे उत्तर मात्र माझ्याकडे तयार होते. कैलास लेणे डोंगर वरून खाली कोरत आणून केलेले आहे. शेजारच्या चढावरून वर गेले की शिखर, नंदीमंडप, अंगण सारे पायाखाली दिसते. मुलांचे हात घट्ट धरावेत, एवढेच. आणि कैलास उघड्या आकाशाखाली असल्याने तिथे तिपाईची गरजच पडत नाही. अजिंठ्याची घोड्याच्या नालासारखी रांग बघायची तर वाघोरा नदीपलीकडच्या टेकडीवरून बघावी. आत चित्रांपाशी फ्लॅश बंद ठेवावा, कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवावी, कोपरे बरगड्यांना टेकवून श्वास रोखावा आणि एकाच चौकटीचे चार-पाच फोटो घ्यावेत. त्यांतला एखादा स्थिर निघतोच. खांबाला किंवा भिंतीला टेकायचे मात्र नाही. दीड हजार वर्षे टिकलेला तो मातीचा लेप आपल्या खांद्याचा आधार व्हायला तिथे लावलेला नाही.