उसाच्या फडातली चाचणी : चार वर्षांचा मागोवा

15 ऑगस्ट 2021 रोजी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरच्या पिकाची नोंद करायला शेतकरी स्वतः मोबाइल घेऊन बांधावर उभा राहिला. त्याच पावसाळ्यात मी पीकनोंदीच्या एका खासगी ॲपची चाचणी करायला बारामतीजवळच्या पिंपळीत जाऊ लागलो. कार्यालयातल्या वायफायवर ते ॲप बिनतक्रार चालत होते.

पहिल्याच आठवड्यात एक काका म्हणाले, “फोटो काढला की फारम कोरा होतोय बघा.” आम्ही रेंजला दोष देऊन मोकळे झालो, पण रेंजचा त्यात काहीच संबंध नव्हता. काकांचा फोन 2 जीबी रॅमचा होता. कॅमेरा उघडला की त्याला जागा करून देण्यासाठी अँड्रॉइड मागे गेलेले आमचे ॲपच बंद करत असे. परतल्यावर पान तेच दिसे, पण गट क्रमांक, पीक, क्षेत्र सगळे पुसलेले असे.

हा दोष कार्यालयात पकडताना आम्ही फसलो. डेव्हलपर ऑप्शन्समधले `Don't keep activities` चालू केले, तरी चाचणी पास झाली. त्या पर्यायाने फक्त पान नष्ट होते. ॲपची प्रक्रिया जिवंत राहते आणि तिच्या स्मृतीतली माहितीही टिकते. खरी चाचणी म्हणजे कॅमेरा समोर असताना ती प्रक्रियाच मारणे :

```
adb shell am kill com.example.peek
```

मग दोष लगेच दिसला. उपायही त्यातूनच निघाला. प्रत्येक रकाना भरला की लगेच फोनमधल्या डेटाबेसमध्ये जतन करायचा आणि फोटोची जागा कॅमेरा उघडण्याआधीच नोंदवून ठेवायची.

2022 मध्ये उलटी तक्रार आली : एकाच उसाच्या दोन नोंदी. शासनाच्या ॲपच्या नव्या आवृत्तीत त्या वर्षी नोंद 48 तासांत दुरुस्त करायची सोय आली होती. पण अशी सोय माणसाच्या चुकीसाठी असते. इथे चूक आमच्या ॲपची होती. उंच वाढलेल्या उसातून फोटो कसाबसा सर्व्हरपर्यंत पोहोचायचा, नोंद व्हायची आणि ‘मिळाले’ हे उत्तर परत येताना रेंज जायची. शेतकऱ्याला ‘पाठवता आले नाही’ एवढेच दिसे. तो पुन्हा बटण दाबे.

विमान मोड लावून हे सापडत नाही, कारण तिथे काहीच जात नाही. एम्युलेटर `-netspeed edge -netdelay edge` असा मंद करूनही सापडले नाही, कारण तिथे उत्तर उशिरा का होईना, येतेच. शेवटी आम्ही चाचणीचा सर्व्हर असा केला की तो नोंद साठवेल आणि उत्तर न देता जोडणी तोडेल. तीनदा बटण दाबले आणि तक्त्यात तीन ओळी मोजल्या. त्यानंतर नोंद तयार होतानाच फोन तिला एक वेगळा क्रमांक देऊ लागला. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवी ओळ न लिहिता जुनेच उत्तर देतो. आता कितीही वेळा दाबले तरी ओळ एकच.

2023 चा हंगाम पडद्यांनी खाल्ला. एका आजींच्या फोनवर ‘जतन करा’ हे बटणच दिसत नव्हते. पडदा 720 पिक्सेल रुंद होता, म्हणजे 320 घनतेला 360 डीपी. पण नीट दिसावे म्हणून नातवाने सगळे मोठे करून दिले होते. घनता 360 झाली की तोच पडदा 320 डीपीचा उरतो. त्यात अक्षरही मोठे, म्हणून बटण पडद्याखाली गेले आणि ठरावीक उंचीच्या चौकटीत वेलांट्या-उकार कापले गेले. तेव्हापासून प्रत्येक पान असे तपासतो :

```
adb shell wm size 720x1600
adb shell wm density 360
adb shell settings put system font_scale 1.3
```

2024 च्या अँड्रॉइड 15 साठी ॲप बांधताना हाच धडा परत आला. नव्या नियमाने पान पडद्याच्या कडेपर्यंत पसरले आणि खालच्या तीन बटणांच्या पट्टीमागे आमचे बटण दडले.

एक गोष्ट मात्र कोणत्याही आज्ञेने तपासता येत नाही. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेले अपलोड थांबवतात, आणि ते खरा फोन खिशात घालून फडात फिरल्यावरच कळते. म्हणून ॲप आता ‘फोनमध्ये जतन, पाठवणे बाकी’ असे स्पष्ट सांगते, आणि सर्व्हरचे उत्तर आल्यावरच ‘नोंद झाली’ म्हणते.

नोंद हरवत नाही आणि दोनदा होत नाही, हे दोन्ही सिद्ध झाल्याशिवाय आम्ही ॲप हंगामाला सोडत नाही.